सदनिका ३०४ च्या गवयास कारणे दाखवा

गृहनिर्माण संस्थेची नोटीस वाचण्याआधीच ओळखू येते. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली जा. क्र. आणि दिनांक, मग ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’ आणि तळाशी मानद सचिवांची सही नि गोल शिक्का. असा कागद सहसा थकलेलं देखभाल शुल्क, छताची गळती किंवा चुकीच्या जागी लावलेली गाडी यांपैकी कशासाठी तरी येतो. म्हणून तो हातात पडला की पोटात गोळा येतोच. हाच साचा उचलून शेजाऱ्याची प्रेमाने थट्टा करायची, ही आपल्याकडच्या इमारतींमध्ये शोभणारी गंमत आहे. ती जमायला मात्र दोन गोष्टी नीट कळाव्या लागतात: समितीची भाषा, आणि ज्याची थट्टा करायची तो माणूस.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक नाना आहेत. निवृत्तीनंतर ते गाणं शिकायला लागले. पहाटे पाच-चाळीसला तानपुऱ्याचं ॲप लावून आधी खर्ज, मग भैरवचे अलंकार, मग एक अभंग, असा त्यांचा रियाज चालतो. इमारतीला तो ऐकू येतोच, कारण त्यांची बसायची खोली डक्टच्या बाजूला आहे. न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात ती ही उभी पोकळी. तिच्या भिंती कडक, उघड्या आणि समोरासमोर असतात, त्यामुळे त्यात शिरलेला आवाज विरत नाही. भिंतींवर आदळत तो वरखाली जातो आणि प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून आत येतो. तिसऱ्या मजल्यावरचा षड्ज पहिल्या मजल्यावर इतका ठसठशीत का पोचतो, याचं कारण एवढंच.

नानांना नोटीस द्यायची ठरली, तर लिहायला बसण्याआधी चार पहाटा लक्ष देऊन ऐकावं. ‘नाना फार मोठ्याने गातात’ एवढ्या भांडवलावर नोटीस उभी राहत नाही. ते वाक्य कुठल्याही गाणाऱ्याला लागू पडतं. ऐकताना कधीतरी लक्षात येतं की नाना अभंगाचा अंतरा रोज एकाच ठिकाणी सोडतात, कारण तेवढ्यात काकू चहा आणून ठेवतात. हा तपशील त्यांचाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. मसुद्याचा कणा तोच करायचा.

मसुदा असा होईल:

साखरझोप सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
जा. क्र. सा/रे/ग/म/१
दिनांक : कोजागिरीच्या आठ दिवस आधी

प्रति,
माननीय सभासद, सदनिका क्र. ३०४

विषय : पहाटेच्या गायनाबाबत कारणे दाखवा नोटीस.
संदर्भ : १) उपविधी क्र. सा-रे-ग-म (सुधारित). २) सदनिका क्र. २०४ मधील गजराच्या घड्याळाचा बेकारीबाबतचा अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण दररोज पहाटे ५.४० वाजता भैरव राग गात असल्याचे समितीच्या श्रवणास आले आहे. सदर रागातील कोमल ऋषभ व कोमल धैवत हे दोन स्वर रोज आंदोलन करीत असून, त्यासाठी समितीची पूर्वपरवानगी घेण्यात आलेली नाही.

तथापि, समितीची मुख्य हरकत वेगळी आहे. आपण अभंगाचा अंतरा सुरू करता व वरच्या षड्जावर पोहोचताच चहा आल्याने गायन थांबविता. परिणामी संपूर्ण ‘ब’ विंग रोज ६.२५ पासून वरच्या षड्जावर लटकलेली राहते. चौथ्या मजल्यावरील एक सभासद उरलेला अंतरा लिफ्टमध्ये स्वतः पूर्ण करतात व त्याचा इतर सभासदांना अतोनात त्रास होतो.

सबब, येत्या कोजागिरीस गच्चीवर सदर अंतरा सर्व सभासदांसमक्ष पूर्ण करावा. मसाला दुधाची व्यवस्था समिती करील. अन्यथा आपला सकाळचा चहा समिती ताब्यात घेईल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.

आदेशावरून,
झोपमोड उपसमिती

प्रत माहितीसाठी : १) काकू, सदनिका क्र. ३०४ (चहा दहा मिनिटे उशिरा ठेवणेबाबत). २) रखवालदार (सोबत गुणगुणणे चालू ठेवणेबाबत).

या मसुद्यात हसू येतं ते मुख्यतः वाक्यरचनेमुळे. खऱ्या नोटिशीत कर्ता गायब असतो. ‘आम्हाला झोप येत नाही’ असं समिती कधी म्हणत नाही. ‘सभासदांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले आहे’ असं म्हणते. कळविण्यात येते, घेण्यात आलेली नाही, नोंद घ्यावी. हा सूर पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत ढळता कामा नये. लिहिणारा मध्येच ‘काय नाना, झोपू द्या की हो’ असं बोलीत म्हणाला की नोटीस तिथेच संपते. उरतं ते साधं चिडवणं. आशय जितका हलका, तितकी भाषा ताठ ठेवायची. ‘हा हा’ किंवा हसरे चेहरे कागदावर नकोत.

आंदोलनाचा विनोद नानांसाठीच आहे. भैरवमधले ऋषभ आणि धैवत कोमल असतात आणि ते झुलवत, आंदोलित करून लावायचे असतात. शिकणाऱ्याचा बराच रियाज या दोन स्वरांवरच खर्च होतो. शेजाऱ्याने हे वाचलं तर त्याला मोर्चा दिसेल, नानांना मात्र रोजची मेहनत दिसेल. आपलं गाणं कुणीतरी एवढं कान देऊन ऐकलं, हे त्यांना त्या एका वाक्यातून कळतं. माझ्या मते अशा नोटिशीचं खरं काम तेच आहे. म्हणूनच नाना भूप गात असतील तर हे वाक्य उपयोगाचं नाही. त्या रागात ना कोमल ऋषभ आहे ना कोमल धैवत, आणि गाणाऱ्याच्या हे लगेच लक्षात येईल.

तक्रारीची दिशाही पाहा. विषयात ‘कारणे दाखवा’ आहे, पण नोटीस गाणं बंद करायला सांगत नाही. ते पुरं करायला सांगते. हा पलटा नसता तर मजकूर कितीही हसरा असला तरी त्यातून एकच अर्थ निघाला असता: गाऊ नका. साठीनंतर शिकायला बसलेल्या माणसाच्या मनात ‘आपण लोकांना छळतोय का’ ही शंका आधीच असते. बेसूर लागणं, फाटणारा आवाज, धाप लागणं यांवर लिहिलेलं एक वाक्य त्या शंकेवर शिक्का मारतं आणि दुसऱ्या दिवसापासून पाच-चाळीसला खोलीतून काहीच ऐकू येत नाही. चेष्टेचे धनी म्हणून समिती, गजराचं घड्याळ आणि लिफ्टमधला गवई आहेत की; गाणाऱ्याचा गळा त्यात ओढू नये.

संदर्भात मुद्दाम अशक्य उपविधी घातला आहे. खरे नियम हाताशी असतात आणि ते वापरायचा मोह होतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. त्या हिशेबाने नानांची पाच-चाळीसची वेळ रात्रीत पडते. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही सदनिकेत करू नये, असं आदर्श उपविधींतही आहे. पण यातलं एकही कलम थट्टेच्या कागदावर आलं की कागद खरा वाटू लागतो. घाबरलेल्या माणसाला मग पुढचा विनोद दिसत नाही. विषयाच्या ओळीपर्यंत गांभीर्य टिकावं आणि संदर्भाच्या ओळीवर खुलासा व्हावा, एवढंच अंतर योग्य. त्याहून जास्त वेळ एखाद्याला धास्तीत ठेवणं क्रूर आहे. रक्तदाबाचा त्रास असलेल्या किंवा समितीशी आधीच वाद चालू असलेल्या सभासदाच्या बाबतीत तर हा खेळ मांडूच नये.

संस्थेचं खरं नाव, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि सचिवांची सही यांपैकी काहीही वापरू नये. कागदाचा फोटो निघतो, तो इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तिथून नातेवाइकांकडे. खाली-वर काय घडलं हे माहीत नसलेल्याला फक्त शिक्का दिसतो. पुढे कधी खरा तंटा झाला तर ‘तुम्हाला आधीही नोटीस दिली होती’ असं म्हणायला तोच कागद कुणीतरी पुढे करू शकतो. दुसऱ्याच्या सहीची नक्कल करणं तर गुन्हाही ठरू शकतं. साखरझोप संस्था आणि झोपमोड उपसमिती यांनी काम पुरतं भागतं. तरीही खऱ्या सचिवांना मसुदा आधी दाखवावा. कागद निघणार तो त्यांच्याच समितीच्या तोंडून.

आणि त्रास खरोखरच होत असेल तर? चौथ्या मजल्यावर दहावीचं मूल आहे, किंवा कुणी रात्रपाळी करून पाचला झोपतं. अशा वेळी ही नोटीस काढू नये. थट्टेत गुंडाळलेली तक्रार सर्वांत वाईट, कारण समोरच्याला ती नाकारताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: नानांनी उद्याही तसंच गायलं तर लिहिणाऱ्याला आनंद होईल का? नसेल, तर लेखणी ठेवावी आणि संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन सरळ बोलावं. डक्टकडची खिडकी लावणं, बैठक बाहेरच्या भिंतीच्या खोलीत हलवणं, जाड पडदा टाकणं, वेळ साडेसहावर नेणं, यातल्या एकदोन गोष्टींनी बराच फरक पडतो, आणि गाणारी माणसं हे सहसा आनंदाने करतात.

कागद देण्याची जागा आणि वेळ हा शेवटचा भाग. सूचनाफलकावर लावू नये, दारावर चिकटवू नये, दाराखालून सरकवू नये. नाना एकटे असताना हाती पडलेला कागद ते एकटेच सोसतात. संध्याकाळी तिघा-चौघांनी घरी जाऊन, काकूंना आधी कटात घेऊन, तो हातात द्यावा आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला लावावा. त्या भाषेची खरी चव मोठ्याने वाचतानाच येते. मजकूर एका पानात, एकाच बाजूला. तळाशी ‘पोच’ म्हणून सहीची जागा सोडावी आणि तिच्याखाली चार-पाच ओळी कोऱ्या ठेवाव्यात, कारण कारणे दाखवा नोटिशीला लेखी खुलासा देण्याचा सभासदाचा हक्क आहे. बँकेत उभी नोकरी काढलेला माणूस हा हक्क सोडणार नाही. खुलाशात बहुधा चहाचा सगळा दोष काकूंवर ढकललेला असेल, आणि त्यावर काकूंचं म्हणणं ऐकायला उपसमितीला पुन्हा एकदा चहाला जावं लागेल.