बेरीज जुळते, तरी नोंद चुकते

कोलोनमध्ये शिकता शिकता हिशेबाच्या कार्यालयात इंटर्न म्हणून काम करणारी बरीच मुलंमुली आपल्या घरांत आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती खरेदी बिलांचा गठ्ठा येतो आणि खतावणीतल्या नोंदींशी तो ताडून पाहायला सांगतात. या कामात सहज नजरेतून सुटणारी एक चूक आज नीट समजून घेऊ.

समजा, एरेनफेल्डमधल्या एका उपाहारगृहाचं बिल तुमच्यासमोर आहे. तांदूळ आणि डाळी 400 युरो, शीतपेयं आणि भांडी 100 युरो. जर्मनीत तांदूळ-डाळीवर विक्रीकर 7 टक्के आणि शीतपेयं, भांडी यांवर 19 टक्के. म्हणजे कर झाला 28 अधिक 19, एकूण 47 युरो. बिलाची रक्कम 547 युरो.

आता खतावणी पाहा. पुरवठादाराच्या खात्यावर 547 युरो जमा आहेत. बँकेतूनही 547 गेले आहेत. बिलाचा क्रमांक आणि तारीख बरोबर आहे. इथे बरेच जण बरोबरची खूण करून पुढचं बिल घेतात. पण कराच्या खात्यात पाहिलं तर तिथे 87 युरो 34 सेंट दिसतात. बिलावर तर 47 आहेत. फरक 40 युरो 34 सेंटचा.

हा आकडा आला कुठून? इथल्या बऱ्याच कार्यालयांत डाटेव्ह ही हिशेबाची प्रणाली वापरतात. तिच्यात खरेदीची काही खाती स्वयंचलित असतात. एसकेआर 03 या खातेयादीत 3400 हे 19 टक्क्यांच्या मालाचं खातं आणि 3300 हे 7 टक्क्यांचं. तुम्ही करासकट रक्कम टाकता आणि खातं स्वतःच कर वेगळा काढतं. कुणीतरी सगळे 547 युरो 3400 वर टाकले. प्रणालीने 547 ला 119 ने भागून 19 ने गुणलं आणि 87.34 कर काढला. योग्य नोंद दोन ओळींची होती: 428 युरो 3300 वर आणि 119 युरो 3400 वर.

असा फरक दिसला की हाच गुणाकार स्वतः करून पाहा. उत्तर खतावणीतल्या आकड्याशी जुळलं तर कारण सापडलंच म्हणून समजा. बँकेचा ताळा घेऊन ही चूक कधीच सापडणार नाही, कारण एकूण रक्कम कुठेच चुकलेली नाही. म्हणून बिलातली कराची प्रत्येक ओळ वेगळी ताडायची.

चुकीचा परिणाम सरळ आहे. खरेदीवर भरलेला कर, ज्याला इथे फोरश्टॉयर म्हणतात, तो धंदेवाईक माणूस सरकारकडून वजावट म्हणून घेतो. इथे 40 युरो 34 सेंट जास्त मागितले गेले. भारतात जीएसटीच्या पोर्टलवर पुरवठादाराने भरलेली माहिती दिसते, तिच्याशी ताडता येतं. जर्मनीत देशांतर्गत खरेदीसाठी तशी यादी नसते. वजावट उभी असते ती हातातल्या बिलावर.

आता वरिष्ठांना सांगायचं कसं? आधी एक गोष्ट तपासा: चूक वहीत आहे की बिलातच? पुरवठादाराने तांदळावरच 19 टक्के लावले असतील तर प्रश्न वेगळा. बिलावर जास्त कर छापलेला असला, तरी वजावट कायद्याने लागू होणाऱ्या कराचीच मिळते. अशा वेळी पुरवठादाराकडून दुरुस्त बिल मागवावं लागतं.

आपल्या उदाहरणात बिल बरोबर आहे. म्हणून चिठ्ठी अशी लिहा: “अमुक पुरवठादार, अमुक क्रमांकाचं, अमुक तारखेचं बिल. बिलावर कर 47.00, नोंदीत 87.34, फरक 40.34. पूर्ण रक्कम 3400 वर गेलेली दिसते. 428 युरो 3300 वर हवेत असं वाटतं. या महिन्याचं विवरण गेलं आहे का?” सोबत बिलाची प्रत जोडा.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मासिक विवरण साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत जातं. ते गेलं नसेल तर नोंद सुधारून काम भागतं. गेलं असेल तर सुधारित विवरण पाठवण्याचा निर्णय वरिष्ठ घेतात.

तुम्ही मात्र जुनी नोंद पुसू नका. जर्मन नियमांनुसार मूळ नोंद काय होती हे नंतरही दिसलं पाहिजे. म्हणून चुकीची नोंद उलटी करतात आणि शेजारी योग्य नोंद घालतात. ते करायला सांगितलं, की मग करा, आणि कराच्या खात्यात आता 47 दिसतात ना, तेवढं पुन्हा पाहा.