उरलेले पैसे, उरलेले धोके

समजा, इमारतीच्या बांधकामात अनपेक्षित खर्चासाठी ४० लाख राखून ठेवले होते. अर्धं काम झालं, २२ लाख शिल्लक; सगळे निश्चिंत. मला हा हिशेब धोक्याचा वाटतो. शिल्लक पैसे उरलेल्या जोखमीशी ताडून पाहायला हवेत.

पाया झाला, तिथला धोका यादीतून काढा. लिफ्ट रखडण्याची शक्यता ५० टक्के, फटका २० लाखांचा. म्हणून १० लाख धरा. शेजारची भिंत खचण्याची भीती आढाव्यात नव्याने दिसली: ४० लाखांचे ४० टक्के, म्हणजे १६. एकूण २६; चार लाख कमीच. भिंत खरंच कोसळली, तर तूट कितीतरी मोठी.

जोखीम ऑडिट वेगळं विचारतं: योजलेला उपाय चालतोय का? कागदावर भिंतीला टेकू दिलेला असतो. पण भेगेवर चिकटवलेली काचपट्टी तडकली असेल, तर भिंत अजून सरकतेय.