सर्वांत लांब चढ कसा शोधायचा?

समजा, आठ दिवसांतले टोमॅटोचे किलोचे भाव असे आहेत: 17, 19, 14, 15, 12, 16, 13, 11. असे दोन दिवस शोधायचे, की नंतरचा भाव आधीच्या भावाइतका किंवा त्याहून जास्त असेल आणि त्यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त असेल. भाव किती वाढला याला इथे महत्त्व नाही. मोजायचे ते फक्त दिवस.

प्रत्येक जोडी तपासून उत्तर मिळतंच. पण यादी एक लाखाची झाली, की जोड्या जवळजवळ 500 कोटी होतात.

म्हणून आधी ठरवायचं, की सुरुवात म्हणून कोणत्या दिवसांचा विचार करायचा. चौथ्या दिवशी भाव 15 आहे, पण तिसऱ्या दिवशी तो 14 होता. चौथ्यापासून जो चढ निघेल, तो तिसऱ्यापासूनही निघेल आणि एका दिवसाने लांब असेल. मग चौथा दिवस बाद. आधीच्या सगळ्या भावांपेक्षा खाली गेलेले दिवसच उरतात: पहिला (17), तिसरा (14), पाचवा (12), आठवा (11). हे दिवस ताटांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवायचे. प्रोग्रामर याला स्टॅक म्हणतात. सर्वांत कमी भाव आपोआप वर येतो.

आता यादी शेवटाकडून वाचायची. आठवा दिवस स्वतःशीच जुळतो. अंतर शून्य, तो काढून टाका. वर आला पाचवा. 12 हा 11 पेक्षा मोठा असल्याने जमत नाही, आणि खालचे भाव त्याहून मोठे असल्याने ते बघायचंही कारण नाही. सातव्या दिवशी 13. पाचवा जुळला, अंतर 2, तोही निघाला. सहाव्या दिवशी 16. तिसरा जुळला, अंतर 3. उरला पहिला दिवस, 17 चा. पाचव्या दिवसाच्या 12 शी तो जुळत नाही. चौथ्या दिवसापर्यंत आलो, की पहिल्यापासूनचं अंतरही 3 च्या वर जाऊ शकत नाही, तिथेच थांबावं. उत्तर: तिसरा ते सहावा, अंतर 3.

जुळलेला दिवस बिनधास्त काढता येतो, हीच या रीतीतली खरी गंमत आहे. आपण उजवीकडून येतोय, त्यामुळे त्याला मिळालेला पहिला जोडीदार हाच सर्वांत दूरचा. प्रत्येक दिवस चळतीत जास्तीत जास्त एकदा चढतो आणि एकदा उतरतो, म्हणून लाखाच्या यादीलाही फार तर तीनेक लाख तुलना पुरतात.

चूक बहुतेकदा सवयीने होते. ‘पुढचा मोठा आकडा’ शोधण्याच्या प्रसिद्ध कोड्यात डावीकडून जातानाच स्टॅक रिकामा करतात. तसं इथे केलं, तर 14 हा लगेच पुढच्या 15 शी जुळून निघून जातो आणि सहावा दिवस हातचा सुटतो. उत्तर संशयास्पदरीत्या लहान येऊ लागलं, तर आधी हेच तपासावं. दुसरी अडचण मात्र रीतीतच आहे: उलटं वाचायचं, तर पूर्ण यादी आधीच हाताशी लागते.