तीन ऑफर लेटर, एक तक्ता

समजा, तुमच्याकडे डब्लिनमधल्या तीन ऑफर आल्यात. एकीत वर्षाला ४२,००० युरो, दुसरीत महिन्याला ३,४००, तिसरीत तासाला २०.५० आणि आठवड्याचे ३९ तास. तक्त्यात आधी पत्रातले शब्द जसेच्या तसे उतरवा, मग शेजारी वर्षाचा आकडा काढा: दुसरी ४०,८००, तिसरी, ५२ आठवडे धरून, ४१,५७४. बोनस वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर तुलनाच बिघडते.

नोटिशीला एक रकाना पुरत नाही. प्रोबेशनमध्ये एक आठवडा आणि नंतर महिना, असं बरेचदा असतं. पत्र गप्प असेल तर शून्य लिहू नका, ‘उल्लेख नाही’ लिहा. कारण १९७३ च्या कायद्यानुसार १३ आठवडे नोकरी झाली की दोन्ही बाजूंना किमान एक आठवड्याची नोटीस लागतेच.

आणि प्रोबेशनच्या रकान्यात ‘११ महिने’ दिसले तर थांबा. खाजगी नोकरीत डिसेंबर २०२२ पासून मर्यादा सहा महिन्यांची आहे. ती वाढते फक्त अपवाद म्हणून, तेही कर्मचाऱ्याच्या हिताचं असेल तर. बहुधा कुणीतरी पत्राचा जुना साचा वापरलाय. सही करण्याआधी एचआरला मेल टाका, आणि आलेलं उत्तरही त्याच ओळीत चिकटवा.