कानशिलात ठणका, मूळ दाढेत

उजवं कानशील ठणकतंय, कानात कळ जातेय, रात्री आडवं झालं की दुखणं वाढतंय. तिशीतली एखादी बाई अर्धशिशी समजून आठवडाभर गोळ्या घेते. कानाच्या डॉक्टरांना दाखवते, तर कान स्वच्छ. शेवटी दंतवैद्याकडे येते आणि बोट ठेवते वरच्या दाढेवर. खरं दुखणं असतं खालच्या.

दात, हिरड्या, जबडा आणि कानशील यांच्या संवेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या फांद्यांमधून मेंदूच्या तळाशी एका ठिकाणी पोचतात. तिथे त्यांची सरमिसळ होते आणि मेंदू दुखण्याचा पत्ता चुकवतो. दाताच्या आतला गाभा सुजला की त्याला स्वतःची जागा नीट सांगता येत नाही. सूज मुळाच्या टोकाबाहेर उतरली की मात्र रोगी नेमका दात दाखवू लागतो. असं दुखणं सहसा डावीकडून उजवीकडे जात नाही, हा मोठा आधार असतो.

म्हणून डॉक्टर एकेका दाढेला गार कापसाचा बोळा लावून पाहतात. निरोगी दाढेत शिणक येते आणि बोळा काढताच विरते; सुजलेल्या दाढेत ती बराच वेळ रेंगाळते. मग आरशाच्या दांड्याने हलकं ठोकून बघतात आणि एक्स-रे काढतात. या बाईच्या एक्स-रेत अक्कलदाढ आडवी, पुढच्या दाढेला टेकलेली दिसते. त्या सांदीत वर्षानुवर्षं अन्न अडकून पुढच्या दाढेला मागून कीड लागलेली असते. तोंडातल्या आरशात ही कीड दिसतच नाही.

तरीही शंका उरली, तर खालच्या जबड्यात भूल देतात. ओठ बधिर झाल्यावर कानशिलातला ठणकाही थांबला, तर उगम खालीच आहे. ही पायरी गाळून रोग्याच्या बोटावर भरवसा ठेवला, की वरची चांगली दाढ हकनाक काढली जाते.

उपाय म्हणजे अक्कलदाढ काढणं आणि पुढची दाढ वाचण्यासारखी असेल तर तिचं रूट कॅनाल. गाभ्याच्या सुजेवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, तरी लोक औषधाच्या दुकानातून ती घेत राहतात. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरची हिरडी सुजली असेल, तर तिच्याखाली साचलेली घाण सलाईनने धुऊन काढतात. ताप आला, गालावर सूज पसरली किंवा तोंड उघडेनासं झालं, तरच अँटिबायोटिक. हनुवटीखाली सूज येऊन गिळणं किंवा श्वास घेणं जड जाऊ लागलं, तर त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठावं.

उलटही घडतं. खाली वाकल्यावर वरच्या सगळ्याच दाढा एकदम दुखल्या, तर बहुधा सायनस सुजलेला असतो. आणि पन्नाशीनंतर कानशिलाचं दुखणं नव्याने सुरू झालं, चावताना जबडा थकून दुखू लागला, नजर अंधुक झाली, तर कानशिलातली धमनी सुजलेली असू शकते. उशीर झाला तर त्यात दृष्टी जाते, म्हणून दंतवैद्य अशा रोग्याला त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवतो.