जमीन दिली की न दिली? मोडी पत्र टाइप करताना

कळमनुरी तालुक्यातील एका तरुणाने आपल्या पणजोबांच्या पेटीतील मोडी पत्राचे फोटो आम्हाला पाठवले. सोबत एवढेच लिहिले होते, "सर, यात जमिनीचं काय लिहिलंय?" आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, मोडी थोडीफार वाचतो. पत्र देवनागरीत टाइप करायला बसलो.

पहिले फोटो फ्लॅशने काढलेले होते, कागदाच्या मधोमध पांढरा डाग आला होता. आम्ही पुन्हा मागवले: खिडकीच्या आडव्या उजेडात, मोबाईल बरोबर वर धरून, आधी पूर्ण पान, मग तीन-चार ओळींचे तुकडे, प्रत्येक तुकड्यात आधीची एक ओळ पुन्हा यावी असे.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि हात न उचलता खाली अक्षरे लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, म्हणून 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच दिसतात. म्हणजे टाइप करणाऱ्याला प्रत्येक ओळीत काहीतरी ठरवावेच लागते. ते ठरवणे लपू नये म्हणून आम्ही खुणा ठेवतो. पत्रातील एका ओळीला फाइलमध्येही एकच ओळ, पुढे तिचा क्रमांक. शंका असेल तो शब्द [शब्द?] असा. मुळीच लागत नसेल तर [...]. संक्षेप उलगडला तर उलगडलेला भाग गोल कंसात: मु(क्काम). लिहिणाऱ्याच्या चुका दुरुस्त करायच्या नाहीत.

सातव्या ओळीत अडलो. तिथे सलग होते: 'जमीनदिली'. हे 'जमीन दिली' असेल, किंवा 'जमी न दिली'. उर्दूत 'जमीं' म्हणतातच, त्यामुळे दुसरे वाचनही नाकारता येईना. तरुण म्हणाला, "सर, दिली असंच लिहा ना." आम्ही म्हणालो, "बेटा, आज कंस राहू दे."

मग त्याच हाताचे इतर शब्द शोधले. तिसऱ्या आणि नवव्या ओळीत 'जमिनीस', 'जमिनीचा' असे होते, म्हणजे लिहिणारा 'जमीन' असाच शब्द वापरतो. अकराव्या ओळीत 'कबजा तुमचेकडे' असे स्पष्ट आहे. दोन्ही पुरावे 'दिली'कडे झुकतात. तरीही आम्ही [जमीन दिली?] असेच ठेवले आणि फोटो मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना पाठवले. आमचे वाचन त्यांना दाखवले नाही, कारण दाखवले की डोळा तेच वाचतो. त्यांनीही 'जमीन दिली' वाचले, तेव्हा कंस काढला.

तारखेला उर्दू कामी आली. 'आजर सन १३४१ फसली' असे होते. आजर हा निजामी राज्यातील फसली वर्षाचा पहिला महिना, ऑक्टोबरात सुरू होणारा. म्हणून ५९० मिळवले: इसवी सन १९३१.

शेवटी फाइलमध्ये '[' हे चिन्ह शोधले. तीन जागा उरल्या: दोन नावे आणि घडीवर फाटलेला एक आकडा. तो आकडा एकरांचा आहे. तरुणाला प्रत दिली ती या तीन कंसांसहित, आणि मूळ पत्र प्लास्टिकमध्ये न चिकटवता सुती कापडात ठेवायला सांगितले.