एक तलाव, आठ जणी आणि एक पुस्तिका

गटाची बैठक, हप्त्याचा हिशेब, बँकेची कामं यांतून वेळ काढून आपल्या जिल्ह्यातल्या काही गटांना आपल्या गावाचा इतिहास लिहावासा वाटतो. सुरुवात उत्साहात होते. महिन्याभरात मात्र दिसतं की तिघी जणी राबत आहेत आणि पाच जणी विचारत आहेत, "झालं का गं पुस्तक?" मग जे लिहून येतं ते आठ तुकड्यांचं असतं. एक तुकडा सरकारी पत्रासारखा, दुसरा भाषणासारखा, तिसरा घरच्या गप्पांसारखा. काम वाटायचं कसं आणि तुकडे जोडायचे कसे, एवढ्याच दोन गोष्टी मी आज बोलणार आहे.

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेऊ. भंडाऱ्यात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत. समजा तुमच्या गटाने आपल्या गावच्या तलावाचा इतिहास लिहायचं ठरवलं. गटात आठ जणी आहेत. तिघींना भराभर लिहिता येतं, दोघी जोडाक्षरं चाचपडत वाचतात, तिघींना सही येते.

पहिली चूक होते ती पानं वाटण्यात. "प्रत्येकीने पाच पानं लिहायची" हे कानाला न्याय्य वाटतं. पण सही करणारी बाई पाच पानं कुठून लिहिणार? ती आपली पानं हळूच लिहिणारीच्या गळ्यात टाकते, आणि बोलणं तिघींवरच येतं. दुसरी चूक काळ वाटून घेण्यात आहे. "तू जुना काळ घे, मी आताचा घेते." आताचा काळ सगळ्यांना ठाऊक असतो, तो दोन दुपारींत होतो. जुन्या काळासाठी म्हाताऱ्या शोधायच्या, तलाठ्याकडे खेटे घालायचे, हे सगळं एकीवर पडतं.

त्यापेक्षा आधी काम किती आहे ते मोजा. आठ म्हाताऱ्या माणसांशी अर्धा-अर्धा तास बोलायचं आणि मोबाइलवर आवाज भरायचा, म्हणजे चार तासांचं बोलणं झालं. एका तासाचं बोलणं शब्दाला शब्द लिहून काढायला चार ते सहा तास लागतात, कारण थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकावं लागतं. म्हणजे चार तासांसाठी सोळा ते चोवीस तास. रोज रात्री तासभर बसली तरी एकीचे तीन आठवडे त्यातच जातील. तिची चिडचिड आळसातून येत नाही, या हिशेबातून येते.

हा भार कमी करायचा सोपा मार्ग आहे. सगळं लिहून काढू नका. ज्या दोघी बोलायला गेल्या त्यांनीच त्या रात्री आवाज पुन्हा ऐकायचा आणि ठरवायचं की यातली कोणती दहा मिनिटं पुस्तिकेत हवीत. ऐकायला अक्षरं यावी लागत नाहीत. कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहिणारीला सांगायचं. आता आठ वेळा दहा मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटांचं बोलणं लिहायचं आहे. ते सहा ते आठ तासांचं काम झालं, आणि तिघींत वाटलं की जेमतेम दोन-अडीच तास येतात. मूळ आवाज मात्र पुसू नका. दोन मोबाइलमध्ये आणि एका मेमरी कार्डात ठेवा.

मग विषय वाटा, आणि प्रत्येक विषयाला दोघी द्या. एक विचारणारी, एक लिहिणारी. आपल्या तलावाचे चार विषय सहज होतात. तलाव बांधला कसा आणि होता कुणाचा. पाणी कुणाच्या बांधीला आधी जायचं. मासे आणि शिंगाडे. आणि घाटावरचं पाणी, धुणं, गुरं. लिहिणाऱ्या तीनच आहेत, म्हणून एकीकडे दोन विषय जातील. तिला वहीचं काम दिलं असेल तर तलाठी कार्यालयात जायचं काम तिला देऊ नका. त्याचीही वाटणी हवी.

तलाठ्याकडे काय मागायचं ते सांगते. विदर्भातल्या गावांचं निस्तार पत्रक असतं आणि वाजिब-उल-अर्ज असतो. तलावाचं पाणी, मासे, चराई यांवर गावातल्या कुणाचा काय हक्क, हे त्यांत नोंदलेलं असतं. या कामाला कधीच कार्यालयात न गेलेली एक आणि सवय असलेली एक, अशी जोडी पाठवा. कागद वाचताना एक लक्षात ठेवा. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात "भंडारा जिल्हा" लिहिलं असेल तर त्यात गोंदियाही येतो.

कोण कुणाशी बोलायला जाणार, हाही वाटणीचाच भाग आहे. बहुधा असं होतं की मालगुजाराच्या वाड्यावर ओळखीची बाई जाते, चहा होतो, तासभर बोलणं होतं. ढीवर मोहल्ल्यात आणि बौद्ध मोहल्ल्यात कुणी उभ्या-उभ्या दोन प्रश्न विचारून येतं. मग पुस्तिकेत मालगुजाराचे आजोबा नावानिशी येतात, आणि माती वाहणाऱ्या फक्त "मजूर" होतात. म्हणून आधीच ठरवा की प्रत्येक मोहल्ल्यातल्या निदान दोघांशी, सारखाच वेळ, बसून बोलायचं.

आता जोडण्याकडे येते. इथे मला एका पुस्तकाचं नाव घ्यायचं आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी मिळून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेतला, त्यांना भेटल्या, आणि १९८९ साली "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक आलं. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. एका भागात चळवळीचा इतिहास लेखिका सांगतात, आणि दुसऱ्या भागात एकेका कार्यकर्तीची ओळख आणि तिचं सांगणं वेगळं येतं. दोघींनी लिहिलं म्हणून दोन सूर लागत नाहीत, आणि एक सूर लावायचा म्हणून त्या बायकांचं सांगणं इतिहासात विरघळून जात नाही. आपल्या चोवीस पानांच्या पुस्तिकेलाही हेच लागू आहे. माहिती सांगणारा आवाज एक हवा. साक्ष देणाऱ्यांचे आवाज त्यांचेच राहू द्या.

करायचं कसं ते बघा. समजा तलाव बांधण्याबद्दल तीन वह्यांत तीन वाक्यं आली. पहिली: "सदर जलाशयाचे बांधकाम मालगुजारांच्या कारकिर्दीत करण्यात आले." दुसरी: "गावकऱ्यांनी एकजुटीने तलाव उभारला व गावाचे नंदनवन झाले." तिसरी: "माझ्या आजीनं माती वाहून वाहून टाळू सोलून घेतली, अन् मजुरी काय, तर पायलीभर धान." पहिल्यात माणसंच नाहीत. दुसऱ्यातली एकजूट कुणी सांगितली, विचारलं तर कुणीच नाही. ते वाक्य भाषणातून आलं आहे. ते काढून टाका. एका आवाजात असं लिहिता येईल: "तलाव मालगुजारांच्या काळात बांधला. पैसा त्यांचा होता. माती गावातल्या बायका-पुरुषांनी वाहिली, आणि मजुरी धानात मिळाली." त्याखाली थोडी जागा सोडून आजीच्या नातीचं वाक्य, जसंच्या तसं, तिच्या नावासह. नाव द्यायचं की नाही हे तिलाच विचारून.

तो एक आवाज लागावा म्हणून लिहायला बसण्याआधी एका कागदावर चार-सहा गोष्टी ठरवून भिंतीला लावा. "आम्ही" म्हणजे कोण, गट की गाव? माझं मत, "आम्ही" फक्त गटासाठी ठेवावं; गावाला "आम्ही" म्हटलं की वाडा आणि मोहल्ला एकाच शब्दात बसतात आणि भांडण झाकलं जातं. "करण्यात आले" नको, कुणी केलं ते लिहायचं. एका वस्तूला एकच शब्द. कुणी मोठ्याला तलाव म्हणतं, लहानाला बोडी, आणि तिसरी दोन्हींना तळं लिहिते. आपल्या झाडी बोलीत "ळ" चा "र" होतो, म्हणून पाळीला बऱ्याच जणी "पार" म्हणतात. बाहेरचा वाचक पिंपळाचा पार समजेल. सांगणाऱ्या वाक्यात "पाळ" लिहा. म्हातारीच्या तोंडी "पार" असेल तर ते तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.

शुद्धलेखन सुधारणारीला एक खास सूचना द्यायला हवी. आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या "मी गेलो होतो", "मी येतो" असं बोलतात. शाळा शिकलेली मुलगी ते "गेले होते", "येते" करून टाकते. असं दहा ठिकाणी झालं की ती म्हातारी शाळेतल्या बाईसारखी बोलायला लागते, आणि तिच्या घरचे वाचून म्हणतात, "ही आमची आई नोहे."

वर्षांचाही मेळ लागायला हवा. एक म्हणते पाळ तिच्या लग्नाआधी फुटली, दुसरी म्हणते दुष्काळानंतर. थेट "कोणतं साल?" विचारलं तर अंदाजाने काहीतरी उत्तर येतं. पक्क्या तारखेच्या खुंट्या ठेवून विचारा. मालगुजारी गेली १९५१ ला. बाबासाहेब भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले १९५४ ला. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. मोठा दुष्काळ १९७२ चा. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ ला. "त्या निवडणुकीच्या आधी की नंतर? तेव्हा पहिलं पोर झालं होतं का?" असं विचारत गेलं की दोन-चार वर्षांच्या टप्प्यात साल बसतं. पुस्तिकेत "१९५४ ते १९६० च्या दरम्यान" एवढंच लिहा.

तरीही दोन म्हणणी उरतील. घाटाचाच प्रश्न घ्या. वाड्यावरचे सांगतील, "पाणी सगळ्यांना एकच होतं." मोहल्ल्यातली आजी सांगेल, तिचा घाट वेगळा होता आणि खालच्या बाजूला होता. हे वाक्य "काही प्रमाणात भेदभाव होता" असं गुळगुळीत करून जोडायचा मोह होतो, कारण गटात दोन्हीकडच्या बाया आहेत. तसं करू नका. दोन्ही म्हणणी कुणाची ते सांगून शेजारी-शेजारी छापा आणि निस्तार पत्रकात काही नोंद सापडली तर तीही द्या.

शेवटची जुळणी एकीनेच करावी. आठ हातांनी सांधलेला मजकूर पुन्हा आठ तुकड्यांचाच दिसतो. पण ती एकटी घरी बसून करणार नाही. तिच्या घरचं काहीतरी त्या आठवड्यात इतरांनी उचलावं, रोवणीचे दिवस असतील तर तिच्या बांधीत एक दिवस जावं. जुळणी झाली की पूर्ण पुस्तिका गटात मोठ्याने वाचा. वाचणारी जिथे अडखळते तिथे दुसरीची वही चिकटवलेली असते. सही करणाऱ्या तिघींना इथे महत्त्वाचं काम आहे. ज्या म्हातारीशी त्या बोलल्या, तिचं बोलणं वाचताना त्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि ते तिचं वाटतं का ते सांगायचं. नंतर ती दोन पानं घेऊन त्या म्हातारीकडेही जायचं आणि तिला वाचून दाखवायचं. "हे नको छापू" म्हणाली तर ते वाक्य काढायचं, छपाईचे पैसे भरले असले तरी.

मुखपृष्ठाच्या आत आठही नावं येऊ द्या, आणि प्रत्येकीपुढे तिनं काय केलं ते लिहा: विचारलं, ऐकलं, लिहिलं, कागद आणले, जुळवलं. नावं बाराखडीच्या क्रमाने लावली की पहिलं नाव कुणाचं यावर बैठक लांबत नाही.